आधी पैसे की आधी नाव?

‘ताई, तुमची गोधडी कधी बघावं तर “संपली”. मग आधीच पैसे घेऊन ऑर्डर लिहून का घेत नाही? आणि ते “आल्यावर कळवा”चं बटण खरंच चालतं, की नुसतं दाखवायला आहे?’

घेते की. पण मोजक्याच घेते, आणि तो आकडा दुकानात बसून नाही, बायकांच्या ओट्यावर बसून ठरतो.

आमच्याकडं लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याच्या पट्ट्यात गोधडी शिवणाऱ्या बायका वर्षभर शेतात असतात. जूनमध्ये पेरणी, मग खुरपणी, मग सोयाबीनची काढणी आणि त्यापाठोपाठ हरभरा. हरभरा घरात आला की हात मोकळे होतात ते थेट मृगापर्यंत. म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत, दहा-अकरा आठवडे. पावसाळ्यात शिवायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण धुतलेली जुनी लुगडी वाळत नाहीत आणि दमट थर आत राहिला की गोधडीला वास धरतो.

आता हिशेब बघा. दुपारचे तीन-चार तास रोज बसलं, कडेनं आत आत येणारा बारीक धावदोरा घातला, तर एका सिंगल गोधडीला तीन आठवडे धरावे लागतात. सहा बायका, दहा-अकरा आठवडे, म्हणजे प्रत्येकी तीन आणि एकूण अठरा. कागदावर अठरा. पण एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. भाचीचं लग्न निघालं की बाई आठ दिवस माहेरी, आणि त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. मेच्या उन्हात बेचाळीस अंशाला दुपारी लाइट गेली की मांडीवर गोधडीचं ओझं घेऊन बसवत नाही. म्हणून मी प्रत्येकीच्या दोनच धरते. पूर्वनोंदणीला बारा. उरलेल्या सहा झाल्या तर त्या नाव लिहून ठेवलेल्यांसाठी, नाही झाल्या तर कोणाचा एक रुपयाही माझ्याकडं अडकलेला नसतो.

पूर्वनोंदणी आणि प्रतीक्षायादी यांत लोक गल्लत करतात ती इथंच. पूर्वनोंदणीत मी तारीख विकलेली असते. यादीत मी काहीच विकलेलं नसतं, फक्त कळवीन एवढं कबूल केलेलं असतं. ज्या गोधड्या होतील की नाही याचीच खात्री नाही, त्यांची तारीख विकायची हिंमत माझ्यात नाही.

दुकान वूकॉमर्सवर आहे, म्हणजे वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर. तिथं वस्तू संपल्यावरही ऑर्डर येऊ द्यायची सोय आहे. वस्तूच्या `Inventory` विभागात `Allow backorders?` असा प्रश्न असतो आणि त्याखाली `Do not allow`, `Allow, but notify customer` आणि `Allow` असे तीन पर्याय. पुष्कळ जण पूर्वनोंदणी म्हणून दुसरा निवडतात. अडचण अशी की त्याला वरची हद्दच नाही. साठा शून्याच्या खाली जातो, उणे पाच, उणे वीस, उणे पन्नास, आणि दुकान ऑर्डरी घेतच राहतं. साबण ओतणाऱ्याला कदाचित चालेल, एक दिवस जादा बसून तो भरून काढील. गोधडीवाल्याचा पुढचा उन्हाळाच विकला जातो.

म्हणून मी उलटं करते. `Stock quantity`त बाराच टाकते आणि संपल्यावर ऑर्डर घ्यायची सोय `Do not allow` निवडून बंद ठेवते. दुकानाच्या लेखी त्या बारा गोधड्या हजर आहेत, बारावी गेली की दार आपोआप बंद. वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर, लागत नाही. तारखेसाठी मात्र एक युक्ती करावी लागते. वस्तूच्या वर्णनात तारीख लिहिली तर वाचतं कोण! त्यामुळं वस्तूचा प्रकारच मी ‘पूर्वनोंदणी, 15 जूनपर्यंत रवाना’ या नावानं करते. प्रकाराचं नाव कार्टमध्ये दिसतं, ऑर्डरच्या मेलमध्येही छापून येतं. मग ‘मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य फोनवर कमी ऐकू येतं. शिवण मेअखेरीला संपणार असली तरी 15 जून लिहायचं, कारण शिवून झाल्यावर एकदा धुणं, वाळवणं आणि पॅकिंग उरतंच.

ही तारीख हलक्यानं घ्यायची गोष्ट नाही. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षणाचे नियम 2020 सालापासून लागू आहेत. सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारखं आवाक्याबाहेरचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. भाचीचं लग्न आपत्तीत मोडत नाही.

आता पैसे. साडेतीन हजारांची गोधडी धरली तर बारा जणांचे बेचाळीस हजार मार्चमध्येच हातात येतात. ते आपले वाटायला लागतात, हा त्यातला खरा धोका. मी निम्मी रक्कम मजुरीच्या उचलीला वापरते आणि निम्मी दुसऱ्या खात्यात टाकते. गोधडी रवाना झाल्याशिवाय त्याला हात लावत नाही. रवाना होईपर्यंत कोणीही नोंदणी रद्द करू शकतं, पूर्ण पैसे परत. त्यात मला थोडी झळ बसते, कारण पेमेंट गेटवेची कटोती सहसा परत मिळत नाही. दोन टक्के दर धरा: साडेतीन हजारांवर सत्तर रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ब्याऐंशी रुपये साठ पैसे गेले. हे गृहीत धरूनच भाव लावायचा, गिऱ्हाइकाकडून कापायचे नाहीत. जीएसटीचं विचारतात म्हणून सांगते: वस्तूच्या आगाऊ रकमेवर नियमित करदात्याला लगेच कर भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. ही सवलत नोव्हेंबर 2017 पासून आहे.

‘आल्यावर कळवा’ या बटणाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

पहिली गोष्ट, ते बटण कुठं लावायचं? आमच्याकडं एकसारख्या दोन गोधड्या होत नाहीत. ज्या हिरव्या काठाच्या गोधडीखाली तुम्ही नाव लिहिलंत, ती परत येणारच नाही, ते लुगडं संपलं. त्या फोटोखाली बटण ठेवणं म्हणजे लोकांना उगाच ताटकळत ठेवणं. म्हणून एकेका नगाच्या पानावर मी ते ठेवत नाही. ‘सिंगल, लालसर’, ‘सिंगल, निळसर’, ‘डबल’ अशा जाती केल्यात, नाव त्या जातीखाली लिहायचं. रंगाचा अंदाज मिळतो, नेमका फोटो मिळत नाही, हे तिथंच स्पष्ट लिहिलंय.

दुसरी गोष्ट, मेल कधी जातो? असं बटण देणारी प्लगइन साठ्याच्या स्थितीवर नजर ठेवून असतात. ‘संपली’चं ‘आहे’ झालं की यादीतल्या सगळ्यांना मेल. आता समजा लालसर सिंगलच्या सगळ्या गोधड्या गेल्या आणि यादीत चाळीस नावं आहेत. एका गिऱ्हाइकानं कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर केली होती, ती तिनं फोन करून रद्द केली. तुम्ही ऑर्डरची स्थिती ‘रद्द’ करता. वूकॉमर्स ती एक गोधडी इमानदारीत साठ्यात परत टाकतं, वस्तू ‘आहे’ होते, आणि चाळीस जणांना मेल जातो की तुमची गोधडी आली! गोधडी एक. पहिलीनं पाच मिनिटांत घेतली. बाकीच्या एकोणचाळीस जणी ‘संपली’ बघतात आणि पुढच्या खेपेला तुमचा मेल उघडत नाहीत. असं झालंय हे ओळखायची खूण सोपी आहे: माल घातलेला नसताना अचानक दुकानात गर्दी होते आणि पाठोपाठ ‘लिंक चालत नाही’ अशा तक्रारी येतात.

पैसे परत करतानाही हेच होतं. त्या पडद्यावर `Restock refunded items` अशी खूण असते, ती काढून टाकली तर साठा वाढत नाही. पण हे दर वेळी लक्षात कोण ठेवणार? मी आपोआप मेल जायची सोयच बंद केलीय. बटण नाव गोळा करतं, कळवणं हातानं.

पुढचं असं. वाढीव सहा गोधड्या जूनमध्ये आल्या तर त्यांची एक वेगळी वस्तू करते आणि तिची `Catalog visibility` `Hidden` ठेवते. मग ती दुकानात कुठंच दिसत नाही, लिंक असेल त्यालाच उघडते. `Sold individually`लाही खूण करते, म्हणजे एका ऑर्डरीत एकच. यादी तारखेप्रमाणे लावून पहिल्या सहा जणांना लिंक पाठवते आणि दोन दिवस देते. सहा गोधड्या, सहा माणसं, त्यामुळं लिंक मिळालेला कोणी रिकाम्या हाती जात नाही. दोन दिवसांत घेतली नाही तर तितक्याच पुढच्या नावांना. नाव लिहिणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा घेत नाहीत, हा माझा अनुभव. कोणाची हौस फिटलेली असते, कोणी दुसरीकडून घेतलेली असते. म्हणून यादी लांबली तरी मी पुढच्या हंगामाला बायका वाढवत नाही. यादीवरून एवढंच कळतं की निळसर कमी पडतेय, मग लुगडी गोळा करताना निळ्यावर डोळा ठेवायचा.

व्हॉट्सॲपवर पाठवा, मेल कोण बघतं, असंही म्हणतात. बरोबर आहे, पण ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुम्ही केला नसेल तर निरोप मिळत नाही आणि मलाही पत्ता लागत नाही. मग ‘मी आधी नाव लिहिलं होतं’ म्हणून वाद. म्हणून यादीतल्या सहाजणींना मी एकेक करून वेगळा निरोप पाठवते. सहाच तर असतात.

एक ऑर्डर मात्र दुकानात कुठंच ठेवलेली नाही: आईच्या, आजीच्या साड्या देऊन त्यांची गोधडी शिवून घेणं. साड्या तुमच्या, शिवण आमची, त्यामुळं ती वस्तूची विक्री राहत नाही, शिलाईची सेवा होते. नोंदणीकृत विक्रेत्याला सेवेच्या आगाऊ रकमेवर कर तेव्हाच भरावा लागतो, वर सांगितलेली सवलत इथं नाही. शिवाय साड्या बघितल्याशिवाय थर किती बसतील ते सांगता येत नाही. नायलॉनच्या असतील तर धावदोरा सरकतो. त्यासाठी फोनच करा, आणि साड्या माघ-फाल्गुनात पाठवा. श्रावणात आलेल्या साड्या फाल्गुनापर्यंत नुसत्या पेटीत पडून राहतात.