पोटॅशिअम ८.१ आणि तक्त्यातली एक ओळ

प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी मी रक्ततपासण्यांच्या सामान्य मूल्यांचा एक तक्ता तयार केला आहे. त्यात तपासणीचे नाव, प्रौढांमधील संदर्भ-मर्यादा, मूल्य वाढल्यास कोणते आजार संभवतात आणि घटल्यास कोणते, असे चार रकाने आहेत. परीक्षेसाठी तो उपयोगी पडतो आणि मुले तो चांगला पाठ करतात. मात्र बायोकेमिस्ट्री विभागात एका दुपारी जो रिपोर्ट आला, त्याच्यापुढे हे चार रकाने अपुरे पडले.

नमुना शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीचा होता. रुग्ण तिशीतली स्त्री, पित्ताशयातील खड्यांसाठी दाखल झालेली, तिला दुसरा कोणताही आजार नव्हता. अ‍ॅनालायझरने पोटॅशिअम ८.१ मिलिमोल प्रति लिटर दाखवले. आमच्या तक्त्यात ही मर्यादा ३.५ ते ५.१ आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या विद्यार्थिनीने तक्त्यातील ओळ पाहून ताबडतोब सांगितले, "मॅडम, मूत्रपिंड निकामी झालेले दिसते, वॉर्डला फोन करायला हवा." ओळ तिने अचूक वाचली होती. पोटॅशिअम वाढण्याच्या कारणांत मूत्रपिंडाचा विकार पहिला लिहिला जातो आणि इतके मूल्य ताबडतोब कळवायचे असते, हेही खरे होते. मी तिला म्हणाले, "फोन करूच, पण आधी त्याच रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी मला वाचून दाखव."

क्रिएटिनिन ०.८ आणि सोडिअम १३९ होते, म्हणजे दोन्ही सामान्य. मूत्रपिंडाच्या विकाराने पोटॅशिअम आठच्या वर गेले असते, तर क्रिएटिनिन इतके स्वच्छ राहणे फार अवघड होते. पुढे कॅल्शिअम ३.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते, जे साधारण ८.५ ते १०.५ असायला हवे. अल्कलाइन फॉस्फटेज केवळ ९ युनिट होते. एकेका ओळीला तक्ता उत्तर देतच होता: कमी कॅल्शिअम म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीची कमतरता किंवा ड जीवनसत्त्वाचा अभाव, कमी अल्कलाइन फॉस्फटेज म्हणजे जस्ताची कमतरता किंवा हाडांचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार. तीन ओळींचे तीन आजार एका धडधाकट स्त्रीला एकाच दुपारी होणे शक्य नव्हते. शिवाय खरोखर ३.२ कॅल्शिअम असलेल्या रुग्णाच्या हातापायांत आकडी येते आणि ८.१ पोटॅशिअममुळे हृदयाच्या आलेखात बदल दिसण्याची दाट शक्यता असते. ही स्त्री मात्र खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होती, असे वॉर्डातून कळले.

या तीन मूल्यांना जोडणारे कारण शरीरात नसून नळीत होते. हिमोग्रॅमसाठीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि ते गोठू नये म्हणून तिच्यात पोटॅशिअमचे ईडीटीए घातलेले असते. या नळीतले थोडे रक्त सीरमच्या नळीत गेले की ईडीटीएसोबत आलेले पोटॅशिअम मोजमापात मिळते आणि मूल्य चढते. ईडीटीए कॅल्शिअमला घट्ट बांधून ठेवते, त्यामुळे मोजण्याच्या रसायनाला ते पुरेसे सापडत नाही. अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमला काम करण्यासाठी जस्त आणि मॅग्नेशिअम लागते, तेही ईडीटीए काढून घेते, म्हणून त्याची क्रिया मंदावते. तिन्ही मूल्ये एकत्र, याच दिशांनी बदललेली दिसली की निदानाच्या आधी नळीचा विचार करायचा असतो.

विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "नमुना हिमोलाइज्ड असला तरी पोटॅशिअम वाढतेच ना?" वाढते, कारण तांबड्या पेशींच्या आत पोटॅशिअमचा मोठा साठा असतो. परंतु पेशी फुटल्या की सीरम गुलाबी किंवा लालसर दिसते, एलडीएच आणि एएसटीही चढतात आणि कॅल्शिअम असे कोसळत नाही. आमचे सीरम फिकट पिवळे व स्वच्छ होते. रक्त वेगळे न करता बराच वेळ थंडीत ठेवले, तर रंग न बदलताही पोटॅशिअम पेशींबाहेर झिरपते. पण तिथेही कॅल्शिअम आणि अल्कलाइन फॉस्फटेज असे खाली येत नाहीत.

आम्ही वॉर्डला फोन केला. मूल्य आले आहे पण नमुन्याबद्दल शंका आहे, उपचार सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढावा आणि नवे रक्त सीरमच्या नळीत, जांभळ्या नळीच्या आधी घ्यावे, असे सांगितले. रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या नळीतले थोडे लाल झाकणाच्या नळीत ओतले होते, हे तेव्हा उघड झाले. याबद्दल मला त्या परिचारिकेचा राग आला नाही. मला राग येतो तो, असे ओतणे घातक का आहे हे रक्त घेणाऱ्यांना कधीच न सांगणाऱ्या प्रशिक्षणाचा आणि नमुना नाकारल्याची नोंदवही महिनोन्महिने कोरी राहू देणाऱ्या व्यवस्थेचा. नव्या नमुन्यात पोटॅशिअम ४.२, कॅल्शिअम ९.३ आणि अल्कलाइन फॉस्फटेज ७८ आले. पहिला आकडा तसाच गेला असता, तर तो उतरवण्यासाठी इन्शुलिन आणि ग्लुकोज दिले गेले असते, आणि ज्या रुग्णाचे पोटॅशिअम मुळात ठीक आहे तिचे ते खरोखर धोकादायक पातळीवर घसरले असते.

त्यानंतर मी तक्त्यातील पोटॅशिअमची ओळ पुन्हा लिहिली. 'वाढल्यास' या रकान्यात मूत्रपिंडाच्या विकाराच्या वर आता नळीची अदलाबदल, पेशी फुटणे आणि उशिरा वेगळे केलेले रक्त ही तीन कारणे आहेत, आणि प्रत्येकापुढे सोबत कोणती मूल्ये पाहायची ते लिहिले आहे. संदर्भ-मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांना सामावून घेते, म्हणजे दर वीस निरोगी माणसांपैकी एकाचे मूल्य बाहेर पडणे अपेक्षितच असते, हेही शीर्षकाखाली घातले. थोडेसे बाहेर गेलेले एकटे मूल्य पाहून आजाराचे नाव घेणारी मुले त्यामुळे जरा थांबतात.

तरीही एक गोष्ट या तक्त्यात बसवता येत नाही आणि तीच मला अजून सतावते. त्या दिवशी मिसळलेले रक्त बरेच होते, म्हणून आकडे ओरडून सांगत होते. जांभळ्या नळीतले थोडेसेच रक्त गेले आणि रुग्णाचे खरे पोटॅशिअम ३.० असेल, तर मोजमाप ३.७ येऊ शकते. कॅल्शिअम ९.४ वरून ८.६ वर आले, तर तेही मर्यादेतच राहते. मग रिपोर्टवर एकही खूण उमटत नाही, यंत्र गप्प बसते, आणि उपचार आवश्यक असलेल्या रुग्णाचा कागद सामान्य म्हणून वॉर्डात जातो. काही प्रयोगशाळा सीरममध्ये थेट ईडीटीए मोजतात, पण आमच्याकडे ती सोय नाही. त्यामुळे सध्या मी मुलांना एवढेच करायला लावते की, नळ्या कोणत्या क्रमाने भरल्या हे नमुन्यासोबत लिहून आले नसेल, तर सगळी मूल्ये मर्यादेत असली तरी वॉर्डला फोन करून ते विचारायचे.