सर, ह्याच्यावर रंग धरंना

दिवाळीच्या तोंडावर आमचा रंगारी स्टुलावर उभा राहून हे वाक्य म्हणाला आणि माझे पुढचे अकरा दिवस गेले. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला रंग द्यायचा होता. त्याआधी खिडक्यांच्या कडेच्या फटी आणि बाथरूममधल्या बेसिन-कमोडच्या कडा मी स्वतः भरल्या होत्या, पैसे वाचवायला. वाचले नाहीत.

चूक दुकानात झाली, आणि अर्धी माझी. आपल्याकडे फटी भरायच्या बंदुकीत घालायच्या प्रत्येक ट्यूबला ‘सिलिकॉन’च म्हणतात. मी चार ट्यूबा मागितल्या, दुकानदाराने चार पांढऱ्या दिल्या. त्यांतल्या दोन सिलिकॉनच्या होत्या आणि दोन ॲक्रिलिकच्या. घरी आल्यावर कुठली कुठे लागते हे मी पाहिलंच नाही. सिलिकॉनच्या गेल्या हॉलच्या दोन खिडक्यांना आतून, ॲक्रिलिकच्या गेल्या बाथरूममध्ये. बरोब्बर उलट.

खरा फरक किती सोपा आहे हे नंतर कळलं. ॲक्रिलिक पाण्यात कालवलेलं असतं. त्यातलं पाणी हवेत उडालं की ते घट्ट होतं, म्हणून थोडं आकसतं. पण रंग मात्र छान धरतं. सिलिकॉन उलट हवेतला ओलावा ओढून घट्ट होतं. मग पाणी त्याचं काही बिघडवत नाही, आणि रंगही त्याला चिकटत नाही.

बाथरूमचा निकाल आठवड्यात लागला. बेसिनच्या मागच्या कडेला पाणी साचतं, तिथलं ॲक्रिलिक पिठल्यासारखं मऊ झालं आणि बोटाने निघून आलं. हे एका अर्थी बरंच झालं, कारण काढायला कष्ट पडले नाहीत. ओल्या फडक्याने पुसलं, संपलं. बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन आणून परत भरलं. त्रास एवढाच की फट एकदम कोरडी हवी आणि भरल्यावर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही. नळाच्या दिवशी घरातले सगळे बाथरूममध्ये असतात, म्हणून तो दिवस टाळून केलं. दहा-वीस मिनिटांत वर साय धरते आणि वाटतं झालं, पण आत ते चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटरच सुकतं.

आता खिडकी. रंगाऱ्याने पहिला हात मारला तेव्हा सिलिकॉनच्या रेघेवर रंग पसरलाच नाही. आकसून त्याचे थेंब झाले, मध्ये गोल गोल डोळे. तो म्हणाला, “प्रायमर मारून बघू.” प्रायमर बसला, वाळला आणि दुसऱ्या दिवशी नखाने सालीसारखा निघाला. मग मी सिलिकॉन काढायला घेतलं. कटरने भिंतीकडून एक आणि ॲल्युमिनियमकडून एक असा छेद दिला, तर मधली दोरी लांबच्या लांब ओढून आली. इतका आनंद झाला की बायकोला बोलावून दाखवली.

रंगाऱ्याने पुन्हा रंग मारला. दोरी गेली होती तरी तेच डोळे, आणि आता एक इंच रुंद!

इथे मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. राहिलेला थर जावा म्हणून पॉलिश पेपर घासला. सिलिकॉन रबरासारखं असतं, ते घासून भुगा होत नाही, फासलं जातं. भिंतीवर रंगाखाली लावलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भुसभुशीत, ती सगळं पिऊन बसते. पेपरने मी ते चार बोटं पसरवून ठेवलं. मग टर्पेंटाइनने पुसलं. ॲल्युमिनियमवरचा चिकटा त्याने मऊ झाला आणि फडक्यावर आला, म्हणून चौकट स्वच्छ झाली. पण भिंतीत टर्पेंटाइन मुरलं आणि सोबत उरलंसुरलंही आत गेलं. रंगारी तोवर दुसऱ्याच्या घरी निघून गेला होता. फोन केला की “येतो की ओ सर, उद्या.” असे पाच उद्या झाले.

त्या पाच दिवसांत एक गोष्ट कामाची सापडली. ओलं बोट भिंतीवर टेकवायचं. चांगल्या लांबीवर पाणी शोषलं जातं आणि डाग गडद होतो. सिलिकॉन मुरलेल्या जागी थेंब आळूच्या पानावरच्यासारखा उभा राहतो. मी पेन्सिलने थेंब उभे राहतात त्या जागेची हद्द आखली, कुठे बोटभर, कुठे तीन बोटं. मग पत्तीने तेवढी लांबी खरवडून खालचा गिलावा उघडा केला, बोटाने परत तपासलं, एका कोपऱ्यात पुन्हा खरवडलं. दोन खिडक्यांना पूर्ण दोन दिवस. शेवटी रंगारी आला तेव्हा नवी लांबी, प्रायमर, आणि मग फटीत ॲक्रिलिक. एका रात्रीने त्यावर रंग मारला आणि तो बसला. पांढऱ्या रंगाकडे मी एवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे सिलिकॉन भिंतीच्या आतल्या बाजूने नकोच. बाहेरून मात्र तेच हवं. पाच फुटांची ॲल्युमिनियमची चौकट थंडीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत चाळीसेक अंशांनी तापली तर जवळपास दीड मिलिमीटर वाढते, आणि भिंत साधारण त्याच्या निम्मीच. हे ओढणं ॲक्रिलिकला झेपत नाही, ते एका बाजूने सुटतं आणि तिथून पावसाचं पाणी आत येतं. आतल्या माझ्या ॲक्रिलिकलाही एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ आलीच आहे. पण ती भरून वर रंग मारता येतो, म्हणून मला तिची चिंता नाही.

बाहेरचं सिलिकॉन घेताना ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलंय का बघा. भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते आम्लाचं. टाइल आणि काचेला ते चालतं, पण सिमेंटवर नीट धरत नाही आणि चुनखडीच्या दगडाला खातं. आमच्या खिडकीखाली कडप्पा आहे, म्हणजे चुनखडीचाच दगड, आणि पहिल्या ट्यूबा आंबट होत्या. काळ्यावर पांढरट पट्टा कायमचा.

सहा मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल फट असेल तर २८० मिलीची ट्यूब साडेसात मीटर पुरते. पाच बाय चारच्या खिडकीला एक ट्यूब होऊन थोडी उरते.

आणि हो, कमोडचं राहिलं. तळाशी चारी बाजूंनी गच्च बंद करू नका, मागे दोन बोटं उघडं ठेवा. आतला जोड कधी गळला तर पाणी तिथून दिसतं, नाहीतर लादीखाली मुरत राहतं. हे मला प्लंबरने सांगितलं, मी चारी बाजू बंद केल्यावर. कटर हाताशी होताच.

कडप्प्यावरच्या पट्ट्यावर सध्या तुळशीची कुंडी ठेवली आहे.