रेझ्युमे अपडेट : चौथा ड्राफ्ट, आणि एका क्लिनिकच्या एंट्रीवर घालवलेले दोन रविवार

मंडळी, मागच्या वेळी सांगितलेलं की माझ्या इंटिरियर डिझाइनच्या रेझ्युमेत आधी प्रोजेक्ट टाइप नीट लावते, ते झालं. रेसिडेन्शियल, क्लिनिक आणि छोटी ऑफिसेस एवढंच ठेवलं. हॉस्पिटॅलिटी काढून टाकलं, कारण तिथे मी फक्त एका कॅफेचा काउंटर केलेला आणि कोणी दुसरा प्रश्न विचारला असता तर सांगायला काहीच नव्हतं. आता एकेक प्रोजेक्ट घेऊन तीन-चार ओळी लिहितेय आणि पहिलं क्लिनिकच घेतलं, कारण त्याची साईट डायरी माझ्याकडे पूर्ण आहे.

पहिला घोळ एरियाचा. जुन्या रेझ्युमेत 1480 स्क्वेअर फूट लिहिलेलं, तो बिल्ट-अप निघाला. कार्पेट 1140. मोठा आकडा बरा दिसतो म्हणून तसाच राहिला होता, पण वाचणारा डिझायनर पहिल्यांदा काय करतो तर बजेटला एरियाने भागतो. बिल्ट-अपने भागलं की स्क्वेअर फुटाचा रेट 23 टक्क्यांनी कमी दिसतो आणि त्याला वाटतं काम हलक्या मटेरियलचं होतं. म्हणून आता सगळीकडे कार्पेट, आणि तसं शब्दात लिहिलेलं.

बजेटचा खरा आकडा क्लायंटचा आहे, त्यामुळे रेझ्युमेत रेंज टाकली आणि शेजारी लिहिलं की त्यात सिव्हिल, इलेक्ट्रिकल, सीलिंग, फर्निचर धरलंय, मेडिकल इक्विपमेंट आणि एसी मशीन नाही. हे नाही लिहिलं तर दोन प्रोजेक्टची तुलनाच होत नाही. जास्त वेळ गेला तो फायनल बिलावर. मंजूर बजेट 100 धरलं तर बिल 112 वर गेलेलं. आधी मी "बजेटमध्ये पूर्ण" असं लिहून मोकळी झाले होते, ते खोटं होतं. मग सगळे व्हेरिएशन, म्हणजे मंजुरीनंतर बदललेली किंवा वाढलेली कामं, काढून बसले तेव्हा कळलं की 12 पैकी 8 क्लायंटने मधेच वाढवलेल्या स्टोअर रूमचे आणि उरलेले 4 आमचे, सीलिंगचं ड्रॉइंग बदलल्यामुळे लाईटचे पॉइंट हलवावे लागले त्याचे. आता हे दोन्ही आकडे वेगळे लिहिलेत. मला ही ओळ सगळ्यात आवडते, कारण इंटरव्ह्यूत यावरच बोलणं होईल आणि मला त्याचं प्रत्येक बिल माहितीये.

साईट सुपरव्हिजन हे दोन शब्द मी पूर्ण काढले. त्याऐवजी 14 आठवडे, 41 व्हिजिट (डायरीतून मोजल्या) आणि मी काय तपासून पुढचं काम सोडलं ते. म्हणजे सीलिंगचा बोर्ड लागायच्या आधी वायरिंग आणि एसीचा ड्रेन पाइप बघायचा हे माझ्याकडे होतं. पाइपला मीटरला साधारण 1 सेंटीमीटर उतार हवा असतो, नुसतं बघून कळत नाही, म्हणून वरच्या टोकातून बाटलीभर पाणी ओतलं तर ते मधेच थांबलं, एका हँगरपाशी पाइप वर उचलला गेला होता. तेव्हा अर्ध्या तासात सुटलं. बोर्ड लावून पेंट झाल्यावर सापडलं असतं तर सीलिंग फोडावं लागलं असतं, आणि तेही पेशंट बसलेले असताना. रेझ्युमेत एवढी गोष्ट नाही मावत, तिथे "बोर्ड बंद करण्याआधी ड्रेन आणि वायरिंग तपासणी व सही" एवढंच आहे.

व्हेंडर कोऑर्डिनेशनला एजन्सी सात होत्या, पण आकडा लिहून कळत काहीच नाही. कोटेशन घ्यायचं, रेट ठरवायचा, की नुसतं फोन करून माणूस कधी येतो विचारायचं, यात खूप फरक आहे. खरं सांगायचं तर रेट माझ्या सीनियरनेच ठरवले. मी एकाच बीओक्यूवर, म्हणजे कामं आणि त्यांच्या मापांच्या यादीवर, तीन कोटेशन शेजारी शेजारी लावून दिली आणि शेवटी बिलाची मापं घेतली, म्हणून तेवढंच लिहिलं. मापांत एक चांगली गोष्ट सापडलेली: सुताराच्या कपाटांचं बिल 386 स्क्वेअर फुटाचं होतं, टेपने मोजलं तर 352. रेट समोरच्या दर्शनी मापावर ठरलेला आणि त्याने दोन्ही बाजूंचे पॅनलही धरले होते. भांडण नाही झालं, वर्क ऑर्डरमधली ओळ दाखवली आणि त्याने बिल बदलून दिलं.

बजेटची रेंज आणि तिच्या शेजारची टीप इथे वगळली, तर सध्या एंट्री अशी झालीये:

"डेंटल क्लिनिक, 1140 स्क्वेअर फूट कार्पेट. मंजूर बजेटवर 12% वाढ (8% क्लायंटचं वाढीव काम, 4% ड्रॉइंग बदल). 14 आठवडे, 41 साईट व्हिजिट, सीलिंग बंद करण्याआधी ड्रेन आणि वायरिंग तपासणी व सही. 7 एजन्सी : कोटेशन तुलना आणि बिलाची मापं माझ्याकडे, रेट सीनियरकडे."

पुढच्या रविवारी दोन घरांची कामं घेतेय. त्यातल्या एकाची साईट डायरी अर्धीच आहे, त्यामुळे तिथे व्हिजिटचा आकडा टाकणार नाही, फोटोंच्या तारखांवरून काही आठवडे जुळतात का ते आधी बघते.