त्या मीटिंगमध्ये तुमचं काम बघितलेलं कोण बसलंय?

"काम वेळेत होतं, मॅनेजर खूश आहे, तरी प्रमोशनच्या वेळी नाव मागे पडतं. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या लोकांना आपण माहीत व्हावं म्हणून नक्की करायचं तरी काय?"

आधी निर्णय कुठे होतो ते बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये मॅनेजर एकटा प्रमोशन देत नाही, तो नाव पुढे करतो. मग वेगवेगळ्या टीम्सचे मॅनेजर, एचआर आणि त्यांच्या वरचा हेड असे एकत्र बसतात, याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तिथे सगळ्यांची नावं शेजारीशेजारी ठेवून बघतात, कारण जागा मोजक्या असतात आणि आपला माणूस चांगला असं प्रत्येक मॅनेजरलाच वाटत असतं. एका नावाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. माझ्या वेळी मॅनेजरने माझं काम सांगितलं आणि हेडने विचारलं, "हिच्याबरोबर अजून कोणी काम केलंय का?" कोणीच काही बोललं नाही, आणि विषय पुढच्या नावावर गेला. हे मला मॅनेजरनेच नंतर सांगितलं. "यावेळी बजेट नव्हतं" म्हणून तो मोकळा होऊ शकला असता, पण खरं सांगितलं म्हणून मला कळलं की अडकलंय कुठे.

मी तेव्हा कस्टमर सपोर्टमध्ये होते. दोन वर्षं माझे तिकीट, म्हणजे ग्राहकाची नोंदवलेली तक्रार, क्लोज करण्याचे आकडे टीममध्ये सगळ्यात चांगले होते, पण ते आकडे आमच्याच डॅशबोर्डवर, दुसऱ्या कोणाला ते उघडायचं कारणच नव्हतं. त्यामुळे मी मॅनेजरला पहिला प्रश्न हा विचारला की त्या मीटिंगमध्ये कोण कोण बसतं, आणि त्यातल्या कोणाच्या टीमचा आमच्या कामाशी संबंध येतो. तुम्हीही हेच विचारा, बहुतेक मॅनेजर सांगतात. माझ्या बाबतीत उत्तर आलं फायनान्स.

आता इथे बरेच लोक ओळखी वाढवायला निघतात, म्हणजे सीनियर लोकांना कॉफीला विचारणं, प्रत्येक टाउनहॉलमध्ये प्रश्न विचारणं वगैरे. माझ्या एका सहकाऱ्याने वर्षभर हेच केलं. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा झाला, पण कॅलिब्रेशनमध्ये "हुशार मुलगा आहे" याच्यापुढे कोणाला काही सांगता येईना, कारण सांगायला काम नव्हतं. मला वाटतं ओळख कामातूनच करावी, आणि तेही असं काम शोधावं ज्याचं एक टोक तुमच्याकडे आणि दुसरं टोक त्यांच्याकडे आहे.

आमच्याकडे ते काम रिफंडचं होतं. ग्राहक रिफंड मागायचा, आम्ही अप्रूव्हलला पाठवायचो, अप्रूव्ह झालं की तिकीट बंद, आमच्या दृष्टीने काम संपलं. पैसे फायनान्स पाठवणार. पण काही ग्राहकांचा खाते नंबर चुकलेला असायचा किंवा खातं बंद झालेलं असायचं, मग ते पेमेंट बँकेकडून परत यायचं आणि फायनान्सच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाचे ते न कळलेले पैसे ठेवतात तिथे, पडून राहायचं. ते आम्हाला कोणी कळवत नव्हतं. पंधरा दिवसांनी ग्राहक चिडून परत लिहायचा, आम्ही नवीन तिकीट उघडायचो, आणि तिकडे फायनान्सवाले महिनाअखेरीला ही रक्कम नक्की कोणाची हे शोधत उशिरापर्यंत बसायचे.

मी एका महिन्याची परत आलेली 60 तिकिटं शीटमध्ये काढली आणि फायनान्समध्ये रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशोब जुळवण्याचं काम, करणाऱ्या मॅडमना म्हटलं, "तुमच्याकडच्या परत आलेल्या पेमेंट्सशी हे जुळवून बघू का, तासभर लागेल." 60 पैकी 41 जुळली. त्यांनी परत आलेल्या पेमेंट्सची यादी रोज सकाळी तिकीट नंबरसकट आम्हाला पाठवायला सुरुवात केली, आम्ही त्याच दिवशी ग्राहकाकडून नवीन खात्याचे डिटेल्स घ्यायचो. दुसऱ्या महिन्यात अशी तिकिटं 22 वर आली. एवढंच काम. नवीन सॉफ्टवेअर नाही, कोणाची मोठी परवानगी नाही, माझ्या आठवड्यातले तीन तास, तेही मॅनेजरला आधी सांगून ठरवलेले.

मग मी एक पानाची नोट लिहिली, अडचण काय होती, आधीचे आणि नंतरचे आकडे, कोणी काय केलं (मॅडमचं नाव पहिलं, कारण रोजची यादी त्या काढत होत्या), आणि अजून काय सुटलेलं नाही. ती नोट मी थेट फायनान्स हेडला पाठवली नाही. मॅनेजरला दाखवली आणि त्याने पुढे पाठवली. हे खूप महत्त्वाचं आहे, कारण तुमचं काम तुमच्या मॅनेजरला तिसऱ्याकडून कळलं तर त्याला वाटतं हिने मला डावललं, आणि कॅलिब्रेशनमध्ये तुमचं नाव मांडणारा तोच असतो.

यात एक धोका आहे आणि मी त्यात सापडलेही. महिन्याभरात फायनान्सची प्रत्येक किरकोळ चौकशी माझ्याकडे यायला लागली, ही एंट्री कुठली, हा ग्राहक कोण, आणि माझी स्वतःची तिकिटं मागे पडायला लागली. तुम्हाला लोक विचारतात ते काय, यावर लक्ष ठेवा. "हे करून देशील का" एवढंच येत असेल तर तुम्ही फुकटचा जादा हात झालात. "हे असं बदललं तर तुमच्याकडे काय होईल" असं विचारायला लागले की समजा तुमचं मत मोजलं जातंय. मी चौकश्यांची उत्तरं एका डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवली आणि टीममध्ये पाळी लावून दिली.

हे सगळं मी कॅलिब्रेशनच्या सात महिने आधी सुरू केलं होतं. दीड महिना आधी सुरू केलं असतं तर दाखवायला आकडेच नसते, आणि प्रमोशनच्या याद्या तोवर बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. पुढच्या मीटिंगमध्ये माझं नाव आलं तेव्हा फायनान्सचा मॅनेजर माझ्या मॅनेजरच्या आधी बोलला.

प्रमोशन नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये ट्रान्सफर हवी असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये छापलेल्या पेपरमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ती ओळखीची व्यक्ती किती वेळा भेटायची, तर आठवड्यातून दोनदा किंवा जास्त असं सांगणारे सहांत एकच होते, बाकीच्यांची भेट त्याहून कमी. तो अभ्यास छोटा होता आणि कंपनी बदलणाऱ्यांचा होता, पण मला कारण पटतं, रोज भेटणाऱ्याला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. ॲनालिटिक्समधल्या जागेबद्दल मला महिन्यातून एकदा रिफंडचे आकडे घेणाऱ्या मुलाकडून कळलं, पोस्टिंग निघायच्या तीन आठवडे आधी. मी त्याच दिवशी माझ्या मॅनेजरला सांगितलं, कारण इंटर्नल फॉर्म भरला की बऱ्याच ठिकाणी सध्याच्या मॅनेजरला आपोआप मेल जातो. मग त्या टीमच्या मॅनेजरकडे अर्धा तास मागितला आणि विचारलं, "मला घेताना तुम्हाला काळजी कशाची वाटेल?" तो म्हणाला, "एसक्यूएल." डेटाबेसमधून माहिती काढायची ही भाषा. मी म्हटलं, येत नाही, पण शिकते. फॉर्म भरला तेव्हा रिफंडचा रिपोर्ट मी स्वतः लिहिलेल्या क्वेरीवर चालत होता, आणि तो दर सोमवारी त्या मॅनेजरलाही जात होता.