चार मिली

बाटली पाहिली आणि माझी नजर लेबलावर न जाता औषध कुठपर्यंत आहे तिकडे गेली. सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीत नोकरी झाली, त्यामुळे ती सवय आहे. समोरच्या दारातल्या सुनेचं बाळ चौदा महिन्यांचं, वजन नऊ किलो. कान दुखतो म्हणून डॉक्टरांनी सोमवारी अँटिबायोटिक सुरू केलं होतं. बुधवारी संध्याकाळी ती बाळाला खांद्यावर टाकून आली. म्हणाली, "काकू, ताप उतरतच नाहीये. औषध बदलून घ्यावं का?"

औषध होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं ड्राय सिरप. पावडरची बाटली येते, त्यात पाणी घालून तीस मिली औषध तयार होतं, आणि त्याच्या पाच मिलीत दोनशे मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं: चार मिली, दिवसातून दोन वेळा, सात दिवस. सोमवार सकाळपासून बुधवार सकाळपर्यंत पाच मात्रा गेल्या होत्या. पाच चोक वीस. म्हणजे बाटलीत साधारण दहा मिली उरायला हवं होतं. माझ्या हातातली बाटली मात्र अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

आधी विचारलं, "एखादी वेळ चुकली का गं?" नाही. "बाळानं थुंकलं का?" थोडंसं, एकदाच. मग पाण्याबद्दल विचारलं, कारण पाणी खुणेच्या वर गेलं असेल तर उरलेल्या औषधावरून काढलेला हिशेब फसतो. बाटलीवर गोल रेघ किंवा बाण असतो, तिथपर्यंतच पाणी घालायचं असतं. तिच्या बाटलीत दुकानातल्या मुलानं खोक्यातलं पाणी घालून दिलं होतं. तिनं माहेरी आईला दाखवायला फोटो काढून पाठवला होता, तोच उघडून पाहिला. औषध बरोबर रेघेला लागलेलं होतं. आता एकच विचारायचं राहिलं, ती मोजते कशानं.

ती घरात जाऊन चांदीचा चमचा घेऊन आली. बाळाच्या बारशाला तिच्या मावशीनं दिलेला, नक्षीच्या दांडीचा. दुकानदारानं खोक्यावर पेनानं 'एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री' असं लिहून दिलं होतं. घरातला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात लाडाचा चमचा तो, म्हणून तिनं तोच वापरला. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. 'चमचा' लिहून दिल्यावर माणूस चमचाच शोधणार. आपल्याकडे बाळगुटी सहाणेवर वेढे मोजून उगाळतात. एखादा वेढा कमी पडला तरी कुणी काळजी करत नाही. अँटिबायोटिकची मात्रा वजनावर काढलेली असते, तिथे हे चालत नाही.

माझ्या खणात नवीन, सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज असते. तिच्यात पाणी ओढलं आणि तिलाच सांगितलं, "तू नेहमी भरतेस तितका चमचा भर." बाळ हात मारतं, म्हणून ती चमचा काठोकाठ भरत नाही, काठाखाली थांबते. सिरिंज पाहिली तर अडीच मिली गेलं होतं. मग कुतूहलानं तिच्या सासूबाईंनी आपला चहाचा स्टीलचा चमचा पुढे केला. तो सहा मिलीचा भरला. पोह्यांचा चमचा तर नऊच्या पुढे गेला. एकाच ओट्यावरचे तीन चमचे, तिघांची मापं तीन. २०१० मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी घरोघरचे चहाचे चमचे मोजले होते, तेव्हा त्यांत २.५ पासून ७.३ मिलीपर्यंत फरक निघाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये मुलांच्या पातळ औषधांची मात्रा फक्त मिलीतच लिहावी असं सांगितलं, ते यासाठीच. आपल्याकडे डॉक्टर मिली लिहितात, आणि ते काउंटरवर पुन्हा चमचा होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या काउंटरच्या आत मी उभी राहिलेली आहे, आणि तिथे मिलीचा आकडा लिहायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

अडीच मिली म्हणजे शंभर मिलिग्रॅम. हवं होतं एकशे साठ. कमी मात्रेत काही जंतू मरतात, चिवट उरतात, आणि औषध लागू पडत नाही असं दिसतं. ती औषध बदलायला निघाली होती, पण ठरलेल्या मात्रेत ते बाळाच्या पोटात गेलंच नव्हतं.

सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग आता रात्री दुप्पट देऊ का? राहिलेलं भरून निघेल." तसं करायचं नाही. राहिलेली मात्रा एकदम दिली तर पोट बिघडतं, जुलाब लागतात. मी तिला डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि काय झालं ते तिनं स्वतःच सांगितलं: किती मात्रा गेल्या, प्रत्येक वेळी अंदाजे किती, ताप किती आहे. डॉक्टर रागावले नाहीत. आज रात्रीपासून चार मिली द्या, सकाळी बाळाला दाखवायला आणा, म्हणाले. सकाळी कान पाहून त्यांनी सात दिवस बुधवार रात्रीपासून नव्यानं मोजायला सांगितले. असा निर्णय तपासलेल्या डॉक्टरांचाच असतो. मी शेजारीण म्हणून तो घेणार नव्हते.

त्या रात्रीची मात्रा आम्ही दोघींनी मिळून दिली. आधी बाटली खूप हलवायची. हे औषध पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहतं आणि थोड्या वेळानं तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीच्या मात्रा पचपचीत आणि शेवटच्या जास्त कडक होतात. मग थोडं औषध स्वच्छ वाटीत ओतायचं, सिरिंजचं टोक त्यात बुडवून दट्ट्या सावकाश ओढायचा. बुडबुडा आला तर टोक वर करून टिचकी मारायची आणि हवा काढून टाकायची, कारण हवेनं भरलेली जागा औषध म्हणून मोजली जाते. दट्ट्याच्या काळ्या रबराला दोन कडा दिसतात. टोकाकडची कड चारच्या रेघेवर हवी. पाच मिलीच्या सिरिंजवर दोन आकड्यांच्या मधल्या बारीक रेघा प्रत्येकी ०.२ मिलीच्या असतात, त्यामुळे उद्या कुणी ४.४ लिहिलं तरी मोजता येतं. बाटलीवर येणारं टोपणाचं माप चमच्यापेक्षा बरं, पण त्यावर बहुधा अडीच आणि पाच अशाच रेघा असतात. चार मिली तिथे नजरेच्या अंदाजानंच घ्यावं लागतं.

सिरिंजच्या टोकावर छोटी टोपी असेल तर ती आधी केराच्या डब्यात टाकायची. ती बाळाच्या घशात जाऊ शकते. बाळाला मांडीवर उभट बसवलं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरली आणि अर्धा-अर्धा मिली सोडत गेलो, प्रत्येक घोटानंतर थांबत. नाक दाबून किंवा थेट घशात सोडलं की औषध श्वासनलिकेत जायची भीती असते. सासूबाई म्हणाल्या, बोंडल्यानं पाजलं तर? पाजता येतं, पण मोजून घेऊन मगच बोंडल्यात ओतायचं, आणि मागे चिकटलेलं चमचाभर पाण्यानं धुऊन तेही पाजायचं. दुधाच्या भरल्या बाटलीत मात्र मिसळू नये. बाळानं दूध अर्धं टाकलं तर औषध किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

त्याच वेळी तिनं तापाच्या औषधाचं विचारलं, आणि तिथे मी जास्त सावध झाले. पॅरासिटॅमॉल आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत एका मिलीला शंभर मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये पाच मिलीला एकशे वीस किंवा अडीचशे. नाव एकच, खोकी सारखी दिसतात. थेंबांचं औषध कुणी चहाच्या चमच्यानं दिलं, तर पाच मिलीत पाचशे मिलिग्रॅम जातं. नऊ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण एकशे पस्तीस पुरतं. असं वारंवार झालं तर यकृताला इजा होते. तिच्याकडे अडीचशेचं सिरप होतं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिला.

आता उरलेल्या औषधाचा हिशेब. सात दिवसांच्या चौदा मात्रा, म्हणजे छप्पन मिली. पहिल्या बाटलीतल्या साडेसतरा मिलीत चार मात्रा बसल्या. दुसऱ्या बाटलीत सात. शेवटच्या तीन मात्रांसाठी तिसरी बाटली आणावी लागली. पाणी घातलेलं हे औषध फ्रिजमध्ये सात दिवसच टिकतं, म्हणून पुढच्या बाटल्या पावडर म्हणूनच ठेवल्या आणि लागेल तेव्हा मिसळल्या. दुसरी बाटली तिनं माझ्यासमोर तयार केली. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी केली, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत घालून हलवली, मग रेघेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवली. फेस बसल्यावर औषध रेघेखाली गेलं. बऱ्याच जणींना इथेच औषध तयार झालं असं वाटतं. पुन्हा रेघेपर्यंत पाणी घालून हलवल्यावर तीस मिली पुरं होतं. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिली, आणि ती फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवली.

शुक्रवारपर्यंत ताप गेला. शनिवारी बाळाला पातळ शी झाली, तीनदा-चारदा. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडनं असं बऱ्याचदा होतं. बाळ पीत होतं, लघवी नेहमीसारखी होती, शीमध्ये रक्त नव्हतं, अंगावर पुरळ नव्हतं. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी औषध जेवणाच्या सुरुवातीला द्या आणि चालू ठेवा असं सांगितलं. पुरळ, श्वासाचा त्रास किंवा चेहऱ्यावर सूज असती तर पुढची मात्रा न देता थेट दवाखाना गाठायचा, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. बाळ आता खेळत होतं, तेव्हा सासूबाईंना वाटलं, औषध बंद करावं. सुनेनंच त्यांना थांबवलं: "अजून आठ मात्रा आहेत, आई."

पुढच्या बुधवारी सकाळी शेवटची मात्रा गेली तेव्हा तिसऱ्या बाटलीत अठरा मिली उरलं. पुढच्या वेळी लागेल म्हणून ते ठेवायचं नव्हतं. तिनं ते चहाच्या चोथ्यात ओतून कालवलं, जुन्या पिशवीत गाठ मारून बांधलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मोरीत ओतलं नाही. सिरिंज कोमट पाण्यानं दोन-तीनदा ओढून-सोडून धुतली, दट्ट्या वेगळा काढून वाळवला, आणि वाळल्यावर स्वच्छ डबीत घालून तापाच्या औषधाशेजारी ठेवली.