उभं राहिलं की वाढणारी मर्मर

मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीसच्या पुढे. कळमन्याच्या मार्केटातून सव्वीस वर्षांच्या एका हमालाला कॅज्युअल्टीत आणलं होतं. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन उठताना तो कोसळला. सोबतच्या मंडळींनी आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. छातीत दुखतं म्हणाला म्हणून तिथे जिभेखाली गोळी ठेवली गेली, आणि दहा मिनिटांत तो पुन्हा बेशुद्ध पडला. आमच्याकडे आला तेव्हा बीपी 86/60, जीभ कोरडी. उष्माघाताचा त्रास समजून सलाईन सुरू झालं, जे त्या घडीला बरोबरच होतं. कॅज्युअल्टीच्या कागदावर एक ओळ होती: छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला जोरदार सिस्टोलिक मर्मर, अऑर्टिक स्टेनोसिस असावा.

संध्याकाळी राउंडला गेलो तोवर सलाईनच्या दोन बाटल्या संपल्या होत्या. बीपी 112/70. रेसिडेंट म्हणाला, "सर, मर्मर तर जेमतेम ऐकू येते. दुपारी गडबडीत कोणी तरी जास्त लिहिलं असेल." मी स्टेथो लावला. मर्मर होती, पण खरंच मऊ, सहापैकी दुसऱ्या दर्जाची. मला मात्र दुपारच्या कागदावर संशय घ्यावासा वाटला नाही. दोन बाटल्या पाणी गेल्यावर मर्मर मऊ झाली असेल तर तेच मोठं चिन्ह होतं. अऑर्टिक झडप अरुंद असेल तर उलट व्हायला हवं: अंगात पाणी आलं, रक्ताचा प्रवाह वाढला, की मर्मर वाढते.

पेशंटला विचारलं, कट्टा उचलताना नेमकं काय होतं? तो म्हणाला, "बसून उचलतो तवा काही नाही होत जी. उभा झालो का मंग डोळ्यापुढं अंधार येते."

हमाल कट्टा कसा उचलतो ते कधी नीट पाहिलंय का? उकिडवा बसतो, श्वास रोखतो, पोट ताणतो आणि झटक्यात उभा होतो. म्हणजे व्हॅल्साल्वा आणि उकिडव्यातून उभं राहणं, बेडसाइडला आम्ही ज्या दोन युक्त्या वापरतो त्या दोन्ही एकाच वेळी, तेही घाम गाळून कोरड्या पडलेल्या अंगावर. हा माणूस रोज शेकडो वेळा स्वतःची परीक्षा घेत होता.

आत काय घडतं ते सांगतो. झडपेचा आजार असेल तर अडथळा ठरलेला असतो, गंज चढलेल्या नळाच्या तोंडासारखा. जेवढं पाणी येईल तेवढा आवाज, पाणी कमी झालं की आवाज कमी. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीच्या अडथळ्याच्या प्रकारात गोष्ट वेगळी. इथे डाव्या जवनिकेतला पडदा जाड झालेला असतो आणि मायट्रल झडपेची पुढची पाकळी आकुंचनाच्या वेळी त्याच्याकडे ओढली जाते. अडथळा त्या दोघांच्या मधल्या फटीत. शेतातला लपेटा पाईप आठवा: पाणी भरून वाहत असलं की गोल फुगतो, कमी झालं की दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. जवनिकेत रक्त कमी आलं की पोकळी लहान होते, पडदा आणि पाकळी जवळ येतात, फट आवळते आणि मर्मर वाढते. रक्त भरपूर आलं किंवा पुढच्या धमन्यांचा विरोध वाढला, की फट उघडते आणि मर्मर मऊ होते. जिभेखालच्या नायट्रेटने शिरा सैल होऊन परत येणारं रक्त घटलं आणि धमन्यांचा विरोधही उतरला. दुसऱ्यांदा तो का पडला हे तिथेच कळतं.

आता हे कानाने दाखवायचं होतं. इंटर्न उत्साहाने पुढे झाला. "दादा, जोर लावा," म्हणाला. पेशंटने गाल फुगवले, चेहरा लाल केला, चार सेकंदांत सोडून दिला. इंटर्न म्हणाला, "काही फरक नाही सर." असं अर्धवट व्हॅल्साल्वा न केलेलं बरं, कारण ते खोटं उत्तर देतं. फुगवलेल्या गालांत दाब असतो, छातीत नसतो.

योग्य रीत अशी. पेशंटला अर्धवट टेकवून झोपवा आणि आधी सराव करून घ्या. खोल श्वास घेऊ देऊ नका. साधा श्वास घेऊन थांबायला सांगा, नाहीतर फुगलेलं फुप्फुस मध्ये येऊन सगळेच आवाज दबतात. मग दोनपैकी एक करा. तुमचा हात त्याच्या पोटावर ठेवा आणि पोटाने हात वर ढकलायला सांगा. किंवा 10 मिलीच्या सिरिंजमध्ये फुंकर मारून दट्ट्या जेमतेम हलवायला सांगा, त्याला साधारण 40 मिमी पाऱ्याइतका दाब लागतो. नव्या सिरिंजचा दट्ट्या चिकटलेला असतो, तो आधी एकदा मागेपुढे करून घ्या. बीपीच्या यंत्राच्या नळीत फुंकून घेत असाल तर नळीला बारीक गळती ठेवा. गळती नसेल तर लोक गालांनीच काटा वर धरून ठेवतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. जोर खरा आहे का, हे मानेकडे पाहून कळतं: शिरा टरारून फुगल्या पाहिजेत.

ऐकायचं कधी, इथे बहुतेक जण चुकतात. जोर सुरू केल्याबरोबरच्या दोन-तीन सेकंदांत छातीतला दाब धमन्यांवर पडून बीपी उलट वर जातं, त्या वेळच्या आवाजावर काही ठरवू नका. हृदयाकडे परतणारं रक्त त्यानंतर घटतं. पाचव्या सेकंदापासून दहा-बाराव्या सेकंदापर्यंतचे ठोके खरे. स्टेथो एकाच जागी, डाव्या कडेला बरगड्यांमधल्या तिसऱ्या-चौथ्या फटीत, आणि कान आवाजाच्या दर्जावर. सोडल्यावरही स्टेथो काढू नका. उजव्या बाजूच्या मर्मर दोन-तीन ठोक्यांत पूर्ववत होतात, डाव्या बाजूच्यांना फुप्फुसातून रक्त पोचेपर्यंत आणखी काही ठोके लागतात.

दुसऱ्या खेपेला पेशंटने सिरिंज धरली. सातव्या सेकंदाला मर्मर वाढली, पण थोडीच. इंटर्न हिरमुसला. यात नवल नाही. 1988 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या युक्त्यांची एक नेटकी तपासणी छापून आली होती. व्हॅल्साल्वाने मर्मर वाढली तर ती याच आजाराची असण्याची खात्री मोठी, विशिष्टता 96 टक्के. पण संवेदनशीलता 65 टक्केच, म्हणजे तीनातले एक पेशंट हातातून निसटतात. उकिडव्यातून उभं राहण्याचं गणित वेगळं: संवेदनशीलता 95, विशिष्टता 84. म्हणून मी दोन्ही करतो, आणि पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्यावर जास्त भिस्त ठेवतो.

(जाता जाता: व्हॅल्साल्वाने स्वतः ही युक्ती 1704 च्या ग्रंथात कानातला पू बाहेर ढकलण्यासाठी सांगितली होती. हृदयाशी तिचा संबंध नंतर आला.)

मग पेशंटला पलंगाजवळ उभं केलं. मी स्टुलावर बसलो, म्हणजे तो खालीवर झाला तरी स्टेथो जागचा हलत नाही. मागे पलंग, बाजूला वॉर्डबॉय, कारण हाच माणूस दुपारी उठतानाच पडला होता. दोनेक मिनिटं उभं ठेवून ऐकलं: तिसरा दर्जा. "आता उकिडवा बस, श्वास चालू ठेव." तो बसला, आणि मर्मर वाढली! रेसिडेंटने माझ्याकडे पाहिलं. मी पेशंटच्या पोटाला हात लावला. दगडासारखं. बसताना त्याने सवयीने श्वास रोखून पोट ताणलं होतं, जणू कट्टा समोरच ठेवलाय. बसण्याने जे रक्त हृदयाकडे यायला हवं ते व्हॅल्साल्वाने अडवलं. पेशंटला मोठ्याने आकडे मोजायला लावणं हा यावरचा सोपा उपाय, बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. स्टेथोत आकड्यांची कुरकुर येते, म्हणून पाचपर्यंत मोजून थांबवायचं आणि लगेच दोन-चार ठोके ऐकायचे.

पुन्हा केलं. आकडे मोजत बसला. पाय दुमडल्याने धमन्यांचा विरोध वाढला, पायांतलं आणि पोटातलं रक्त वर आलं, आणि मर्मर जवळजवळ गायब झाली. अर्धा मिनिट तसंच ठेवलं. "उठ." उठल्यावर पहिल्या दहा-पंधरा ठोक्यांत ती चढत चढत चौथ्या दर्जावर गेली, बोटाला थरथर जाणवायला लागली. तो म्हणाला, "साहेब, आता तसंच होऊन राहिलं." लगेच पलंगावर झोपवलं आणि पाय वर धरले. मिनिटभरात आवाज पुन्हा उतरला. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना मी उकिडवं बसवतच नाही, आडवं ठेवून पाय 45 अंशांपर्यंत उचलतो, तेवढंही बरंच सांगून जातं.

शेजारच्या वॉर्डात सत्तरीच्या एका आजी अऑर्टिक स्टेनोसिसच्या होत्या. इंटर्नला त्यांच्याकडे नेलं. पाय उचलल्यावर त्यांची मर्मर किंचित वाढली, हलक्या जोराने घटली. त्यांना जोर दहा सेकंद धरायला लावला नाही. झडप फारच अरुंद असली की घेरी येऊ शकते, आणि नुकताच हार्ट अटॅक आलेल्याला किंवा डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्याला तर व्हॅल्साल्वा करूच नये. त्यांच्या मानेची नाडी सावकाश चढत होती. हमालाची झटक्यात उसळत होती. युक्तीच्या आधी नाडीवर बोट ठेवलं असतं तर कागदावरची ओळ तेव्हाच खोडता आली असती.

मायट्रल झडप मागे झुकण्याचा आजार मात्र या परीक्षेत फसवतो, कारण उभं राहिल्यावर तीही मर्मर वाढते. फरक असा की तिथे मध्येच एक टिचकी ऐकू येते, आणि उभं राहिलं की ती टिचकी पहिल्या ध्वनीकडे सरकून मर्मर लांबते. बसलं की टिचकी मागे जाते. त्यामुळे केवळ जोर मोजू नका, मर्मर कुठून सुरू होते तेही ऐका. आमच्या पेशंटला टिचकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी इको झाला. पडदा 21 मिमी. स्वस्थ झोपलेला असताना दाबाचा फरक 24 मिमी, म्हणजे 30 च्या खाली. त्यावर थांबलो असतो तर अडथळा नाही असंच लिहिलं गेलं असतं. इकोवाल्या मॅडमना सिरिंज देऊन व्हॅल्साल्वा करवून घ्यायला सांगितलं, फरक 78 वर गेला. मेटोप्रोलॉल सुरू केलं, नायट्रेट आणि लघवीच्या गोळ्या कागदावर लाल शाईने बंद लिहिल्या, ओझं उचलणं थांबवायला सांगितलं. यावर तो बराच वेळ गप्प होता. कट्ट्यामागे पैसे मिळणाऱ्याला हे सांगणं सोपं नसतं. शेवटी मार्केटच्या मुकादमाला चिठ्ठी दिली, काट्यावर नोंदी करायचं काम मिळालं.

वडील चाळिशीत शेतात काम करता करता गेल्याचं त्याने सांगितलं, म्हणून धाकट्या भावाला बोलावलं. वय वीस. उभा केला, बसवला, आकडे मोजून घेतले, सिरिंज फुंकून घेतली. कशातही मर्मर नाही. इंटर्न खूश झाला. तरी इको केला: पडदा 16 मिमी, अडथळा शून्य. फट आवळतच नसेल तर ऐकायला आवाज येणार कुठून?