सात अभिप्राय, एक स्क्रीनशॉट आणि अरबी

जुलैच्या सुरुवातीला आंजर्ल्याच्या अण्णांनी व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. त्यांच्या होमस्टेबद्दल पाहुण्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांचा तो स्क्रीनशॉट होता. अण्णांचा भाचा मस्कतला आहे. त्याच्या ओमानी साहेबांना ऑगस्टमध्ये कुटुंबाला घेऊन कोकणातला पाऊस बघायला यायचं होतं, आणि त्याआधी लोक काय म्हणतात ते त्यांना वाचायचं होतं. मी मस्कतला नऊ वर्षं टायपिंग सेंटरमध्ये अरबी अर्ज टाइप केले आहेत, म्हणून काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात आधी अण्णांना सांगितलं, हेच चित्र डॉक्युमेंट म्हणून परत पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं, आणि मोठं करून बघितलं तर भरलेला तारा कुठला नि करडा कुठला ते नीट कळत नाही. दुसऱ्या चित्रात तारे स्वच्छ दिसले. मजकुराला हात न लावता मी वहीत फक्त अनुक्रमांक आणि तारे उतरवून घेतले. मजकूर आधी वाचला की मन स्वतःच आकडा ठरवून टाकतं, आणि मोजताना डोळा चुकतो. सातवा अभिप्राय चित्राच्या कडेला अर्धाच कापला गेला होता. पुढचं काय असेल याचा अंदाज न बांधता तिथे 'मजकूर चित्रात इथे तुटला आहे' असं अरबीत लिहिलं.

भाषा कोणती ठेवायची हाही प्रश्न होता. अर्जात लागते ती शुद्ध अरबी वापरली असती तर पाहुण्यांचं बोलणं सरकारी पत्रासारखं झालं असतं. अगदी मस्कतच्या गल्लीतली बोली घातली असती तर आंजर्ल्याला आलेले पुणेकर ओमानी वाटले असते. अरबी लोक मधल्या भाषेला 'पांढरी भाषा' म्हणतात: वाक्य शुद्ध, पण शब्द रोजच्या तोंडातले. ती घेतली. सुरमईला तिकडचाच 'कनअद' शब्द मिळाला. सोलकढीचं नाव मात्र तसंच ठेवून पुढे आमसूल आणि नारळाच्या दुधाचं पेय असं लिहिलं.

खरी कसोटी लागली ती एकच तारा असलेल्या अभिप्रायाला. तो असा होता: 'एसी रूम म्हणे! वा, काय गारवा! रात्रभर पेपरने वारा घेत बसलो. धन्यवाद.' माझा पहिला मसुदा शब्दाला शब्द होता, आणि त्यात गारव्याचं कौतुक नि आभार दोन्ही सरळ उतरले. मग घाबरून दुसरा लिहिला: 'एसी चालत नव्हता.' अर्थ बरोबर, पण बोलणारा माणूस गायब. शिवाय त्याने तसं कुठे म्हटलंही नव्हतं. एसी बंद होता, वीज गेली होती की मुळात एसीच नव्हता, हे मजकुरात नाही. ती तक्रार माझ्या पदरची झाली असती.

विचार करता लक्षात आलं की सगळा टोमणा 'म्हणे' या एका शब्दात आहे. अरबीत 'म्हणे'चं काम आखाती बोलण्यात 'अला असास' करतं. त्याचा शब्दशः अर्थ 'या आधारावर', पण वाक्याच्या सुरुवातीला आला की ऐकणाऱ्याला कळतं, सांगितलं एक नि निघालं भलतंच. 'वा'साठी 'या सलाम' घेतलं. ते खऱ्या कौतुकालाही चालतं आणि टोमण्यालाही, अगदी आपल्या 'वा'सारखं. 'माशाअल्लाह' मुद्दाम टाळलं, कारण लिहिलेल्या मजकुरात ते मनापासूनच वाटण्याची शक्यता जास्त. पेपरचा वारा मात्र जसाच्या तसा ठेवला. तो काढला असता तर 'या सलाम' पुन्हा कौतुकच झालं असतं.

तीन तारेवाला अभिप्राय दिसायला सोपा होता: 'मासे एकदम ताजे, काकूंच्या हाताला चव आहे. पण गरम पाणी पुरलं नाही, आम्ही सहाजण होतो.' मी लिहिलं, जेवण उत्तम, 'लाकिन' गरम पाण्याची 'मुश्किला' होती.

एवढं झाल्यावर मस्कतच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला तारे झाकून नुसता अरबी मजकूर पाठवला आणि विचारलं, 'यातल्या प्रत्येकाने किती तारे दिले असतील?' ही तपासणी मला फार उपयोगी वाटते, कारण वाचणाऱ्याला मूळ ठाऊक नसतं. एसीच्या शब्दशः मसुद्याला त्याने चार तारे दिले, 'अला असास'वाल्याला एक. गरम पाण्याच्या अभिप्रायाला त्याने दोनच दिले. 'मुश्किला' शब्दाने तक्रार मुळापेक्षा मोठी करून ठेवली होती. मूळ माणसाने अडचण म्हटलीच नव्हती, 'पुरलं नाही' म्हटलं होतं. ते बदलून 'लम यक्फि', म्हणजे पुरलं नाही, एवढंच केलं आणि 'काकूंच्या हाताला चव आहे' हे वाक्य सुटं करून तक्रारीच्या आधी ठेवलं. मग उत्तर आलं, तीन. क्रम मात्र हलवला नाही. आधी कौतुक, मग तक्रार असं लिहिणाऱ्याचा शेवटचा शब्द तक्रारीचाच असतो, तो फिरवला तर वजन फिरतं.

ताऱ्यांनी वेगळाच त्रास दिला. अरबी ओळ उजवीकडून सुरू होते. मूळ चित्रातली ताऱ्यांची पट्टी कापून चिकटवली तेव्हा अरबी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी रिकामे तारे येत होते. ★★★☆☆ अशी अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या परिच्छेदात टाइप केली की ती आपोआप उजवीकडून भरतात. शेजारी आकडाही हवा होता. मी तीन, तिरकी रेघ, पाच असं मधे मोकळ्या जागा सोडून टाइप केलं, आणि पडद्यावर पाच आधी, तीन नंतर दिसू लागलं. मधे जागा असली की दोन्ही आकडे सुटे धरले जातात आणि ओळीच्या दिशेने मांडले जातात. जागा काढल्या तर क्रम टिकतो, पण उजवीकडून वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करायची ही शंका राहतेच. शेवटी रेघच काढली आणि 'तीन मिन पाच', म्हणजे पाचापैकी तीन, असं लिहिलं.

अण्णांना कागद दाखवला तर ते हादरलेच. 'अरे, सगळीकडे शून्य का घातलंस?' अरबी पाच म्हणजे नुसतं गोल, आपल्या शून्यासारखं. अरबी शून्य म्हणजे ठिपका. ते समजावलं, मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. 'तो एसीवाला एक तारा वगळला तर नाही चालणार?' मी म्हटलं, 'अण्णा, मूळ चित्र भाच्याकडे आहेच. सात मोजून सहा निघाले तर बाकीच्या सहांवरही विश्वास राहणार नाही.' काकू आतून म्हणाल्या, 'राहू दे रे, खरंच होतं ते.' मग अण्णा काही बोलले नाहीत.

शेवटी वर मूळ चित्र, खाली त्याच अनुक्रमांकांनी अरबी, अशी एक फाइल पाठवली. चौथ्या दिवशी ओमानी साहेबांचा निरोप आला. एसीबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. 'आम्ही नऊजण आहोत, गरम पाणी पुरेल का?' एवढंच होतं. अण्णा म्हणाले, 'सांग त्यांना, मागच्या पडवीत तांब्याचा बंब पेटवतो.' बंबाला अरबीत शब्द सापडेना, म्हणून लिहिलं: लाकडावर तापणारी, नळ असलेली तांब्याची मोठी टाकी. सोबत काकूंनी काढलेला बंबाचा फोटो जोडला.